आयटीआयमध्ये सरांनी कानाखाली मारली: तक्रार कुठे द्यावी, आणि मार्कांचं काय?

सत्तरीचा_मामा

माझा भाचा गोव्यातल्या एका सरकारी आयटीआयमध्ये फिटरच्या पहिल्या वर्षाला आहे. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. पोरगा सतरा पूर्ण, अठराव्या वाढदिवसाला अजून दोन महिने आहेत. सोमवारी वर्कशॉपमध्ये फाइलिंगचा, म्हणजे कानशीने लोखंड घासायचा, जॉब चालला होता. काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून बघितला तर एका कडेला उजेड दिसत होता. सर मागून आले, जॉब हातातून घेतला, बाकावर आपटला, "तुझ्या बापाने असलंच काम केलं म्हणून तो मजूर राहिला" असं सगळ्यांसमोर ओरडले आणि कानाखाली मारली. डावा कान. त्या रात्री जेवतानाही तो म्हणत होता, कानात शिट्टी वाजतेय.

मी आणि त्याचे वडील प्राचार्यांना भेटलो. ते म्हणाले, सर जरा तापट आहेत पण शिकवतात मन लावून, तुम्ही लेखी काही देऊ नका, मी समज देतो. भाओजींना ते पटलं, कारण त्यांना एकच भीती आहे: वर्षाचे मार्क त्याच सरांच्या हातात आहेत. मला पटलेलं नाही. तक्रार नेमकी कुणाकडे द्यायची? आणि दिली तर पोराचं वर्ष जाईल का? ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया सांगावं.

जुना_टर्नर

मामा, राग मानू नका. आम्ही शिकलो तेव्हा फाइलची मूठ पाठीत बसायची, आणि त्याच हातांनी पुढे तीस वर्षं लेथ चालवला. ओरडा खाल्ल्याशिवाय हात बसत नाही असं आम्ही मानायचो. पण कानावर मारणं आमच्या सरांनीही केलं नाही, आणि बापाला मध्ये आणलं नाही. तक्रार करा. फक्त पोलिसात जाऊ नका. त्या माणसाची नोकरी जाईल, मग त्याच्याही घरात पोरं आहेत.

कान_नाक_घसा

तक्रारीचं नंतर बघा, आधी कान दाखवा. कानावर उघड्या हाताने मारलं की हवा एकदम आत दाबली जाते आणि पडद्याला भोक पडू शकतं. शिट्टी वाजणं आणि ऐकू कमी येणं ही त्याचीच लक्षणं. तोपर्यंत कानात तेल, थेंब, पाणी काही घालू नका. अंघोळ करताना कापूस व्हॅसलिनमध्ये बुडवून कानाच्या तोंडाशी लावा. नाक जोरात शिंकरू देऊ नका.

आजच जा, कारण वेळेचा थेट संबंध पुराव्याशी आहे. ताज्या मारामुळे फाटलेल्या पडद्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि त्यावर रक्ताचा बारीक डाग असतो. काही दिवसांनी कडा भरायला लागतात. मग हे माराने झालं की लहानपणीच्या कान फुटण्याने, हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात, आझिलोत, किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात कॅज्युअल्टीलाच जा. खासगी दवाखान्यात गेलात तर औषध मिळेल, पण मेडिको-लीगल नोंद सहसा सरकारी रुग्णालयात केलेलीच पुढे उपयोगी पडते. डॉक्टर विचारतील कुणी, कशाने, कधी मारलं. पोराला स्वतः सांगू द्या, "पडलो" म्हणू देऊ नका. पुष्कळ घरं तिथेच चुकतात. एकदा कागदावर पडला असं आलं की ते पुसता येत नाही. आणि श्रवण चाचणी मागून घ्या. सुदैवाने अशी भोकं बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतात.

सत्तरीचा_मामा

धन्यवाद डॉक्टर. आत्ताच निघतोय.

नियमांचा_राजा

शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षेला बंदी आहे, कलम १७. सर सरळ बडतर्फ होतात. पण ते सरकारी नोकर असल्याने सरकारची परवानगी आल्याशिवाय पोलीस हात लावू शकत नाहीत. त्यामुळे पोलिसात जाऊन उपयोग नाही, थेट कौशल्य विकास संचालनालयात जा.

डिचोलीची_वकीलीण

संचालनालयात जा हे बरोबर, बाकी कारणं चुकीची आहेत. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या शालेय मुलांसाठी आहे. आयटीआयच्या सतरा वर्षांच्या पोराला तो दाखवलात तर समोरचा पहिल्या वाक्यात तुम्हाला खोडून काढेल. आणि परवानगीचा मुद्दा सरकारी कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्यांसाठी असतो. पोराच्या कानाखाली मारणं हे कुणाचं कर्तव्य नाही, आणि एफआयआर नोंदवायला तर ती परवानगी लागतच नाही.

आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा आहे: गोवा बाल कायदा, २००३. त्यात अठरा पूर्ण न झालेला प्रत्येक जण मूल आहे, मग तो शाळेत असो की वर्कशॉपमध्ये. मारणं तर त्यात येतंच, पण मुलाची माणूस म्हणून किंमत खाली आणणारे शब्दही बाल अत्याचाराच्या व्याख्येत येतात. कलम ८(२) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे, आणि खटला पणजीच्या बाल न्यायालयात चालतो. वय घटनेच्या दिवसाचं धरतात. म्हणजे दोन महिन्यांनी पोरगा अठराचा झाला तरी हा सोमवार त्याच कायद्याखाली राहतो.

आता दुसरी बाजू, कारण ती कुणी सांगत नाही आणि मग लोक कोर्टात जाऊन हताश होतात. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एका प्राथमिक शिक्षिकेची शिक्षा रद्द केली. शिस्त लावण्यासाठी केलेली ती कृती गुन्हा ठरत नाही, असं म्हटलं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्याच एका प्रकरणात, जिथे एका माणसाने मुलाला दप्तराने मारलं होतं, ८(२) ची शिक्षा काढून टाकली. मुलाचा जाणूनबुजून किंवा सतत छळ झाल्याचा पुरावा नसताना एकच साधा फटका म्हणजे बाल अत्याचार होत नाही, असं ते म्हणाले. साधी दुखापत केल्याचा गुन्हा मात्र तसाच ठेवला. त्यामुळे "कायदा आहे, सर आत जातील" अशा भरवशावर कुणी राहू नये.

पण या निकालांमुळे तक्रारीत काय लिहायचं ते स्पष्ट होतं. मारायचं कारण काय होतं, आधी असं घडलं होतं का, सगळ्यांसमोर बापाचा उल्लेख कोणत्या शब्दांत झाला, कानाला काय झालं. घडलं तेवढंच, पण घडलेलं सगळं.

वेर्णा_रात्रपाळी

मामा, मी पण अप्रेंटिस होतो, त्यामुळे सांगतो. कामगार खात्यात जाऊ नका, तिथे काही होत नाही. मी एका कारखान्यात आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप करत होतो. मोल्डिंगच्या शिफ्टला पर्यवेक्षक आईबहिणीवरून ओरडायचा आणि एकदा कॉलर धरून ढकललं. मला वाटलं मी कामगार, पगार घेतो, म्हणून कामगार खातं. तिथे कळलं की शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. कामगार कायदे आम्हाला लागत नाहीत. फक्त कारखान्यातली सुरक्षा आणि आरोग्याचे नियम कामगारासारखेच लागतात.

माझं काम झालं ते राज्याच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे. apprenticeshipindia.gov.in वर करार निघतो ना, त्याचा क्रमांक अर्जावर टाकला आणि लिहिलं की मला अमुक ट्रेडचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं, त्याऐवजी असं चाललंय. कंपनीला बोलावणं गेलं आणि मला दुसऱ्या विभागात टाकलं. माझ्या सोबतचा एक जण वैतागून सरळ घरी बसला. करार मध्येच सोडला म्हणून कंपनीने प्रशिक्षणाचा खर्च मागितला त्याच्याकडे. सोडायचं असेल तरी सल्लागारांकडे अर्ज करूनच सोडा.

डिचोलीची_वकीलीण

रात्रपाळी, तुमची माहिती बरोबर आहे, पण मामांचा भाचा अजून आयटीआयमध्येच शिकतोय, त्याचा कंपनीशी करार नाही. त्याला सल्लागार नव्हे, संस्था आणि संचालनालय. तरी धागा वाचणाऱ्या इतर अप्रेंटिसांना ही माहिती हवीच होती. एक भर: केंद्र सरकारच्या उपक्रमात अप्रेंटिस असाल तर राज्याचा नव्हे, केंद्राचा सल्लागार. आणि कराराशी संबंधित वाद तो सोडवतो. कुणी मारलं तर तो वाद नाही, गुन्हा आहे, त्याला पोलीस स्टेशन वेगळं.

शिल्पनिदेशक

मी स्वतः आयटीआयमध्ये शिकवतो, दुसऱ्या जिल्ह्यात. हे वाचून लाज वाटली. मुलाच्या वडिलांची भीती खरी आहे, म्हणून मार्कांचं सविस्तर सांगतो, कारण ते कोणी सांगणार नाही.

वर्षाच्या ६०० गुणांत फॉर्मेटिव्ह असेसमेंटचे २०० असतात आणि त्यात पास व्हायला ६० टक्के लागतात, म्हणजे १२०. हे गुण वर्षभर निदेशकच देतो. म्हणून पोरं घाबरतात. पण हे गुण मनात आलं म्हणून कापता येत नाहीत. प्रत्येक जॉबचं मूल्यमापन कागदावर असायला हवं, आणि जॉब, रेकॉर्ड बुक, हजेरी हे सगळं पुढची परीक्षा होईपर्यंत तपासणीसाठी जपून ठेवायचं असतं. म्हणजे गुण दिले त्याला आधार दाखवावा लागतो.

त्यामुळे तक्रार देण्याआधी भाच्याच्या रेकॉर्ड बुकच्या सह्या झालेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. जॉबवर रोल नंबर पंच केलेला असेल तर तो दिसेल असा फोटो. व्हर्नियरचं माप लागलेलं असताना काढलात तर उत्तम. सोमवारचा तो जॉब विशेषतः. स्क्वेअरला उजेड दिसला याचा अर्थ कड सपाट नाही किंवा कोन ९० नाही. पहिल्या वर्षी हे सगळ्यांचं होतं. तो जॉब सुधारून घेता आला असता. तो फेकून दिला गेला तर "पोराने काम बिघडवलं" एवढीच गोष्ट उरेल.

आणि त्याला घरी ठेवू नका. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. तक्रारीनंतर पालक मायेने पोराला चार आठवडे घरी ठेवतात, आणि मग वर्ष मार्कांमुळे नाही, हजेरीमुळे जातं. तक्रारीतच प्राचार्यांना लेखी विनंती करा की चौकशी होईपर्यंत त्याचे जॉब दुसऱ्या निदेशकाने तपासावेत किंवा दोघांनी मिळून तपासावेत.

एक गोष्ट माझ्या बाजूनेही. वर्कशॉपमध्ये ओरडावं लागतं. पोरगा हातमोजे घालून ड्रिलिंग मशीनजवळ गेला, चक-की चकमध्येच राहिली आणि हात स्विचकडे चाललाय, तर मी जोरात ओरडणार, हात धरून मागे खेचणार. तेव्हा "बाळा, जरा थांब" म्हणायला वेळ नसतो. पण ते ओरडणं "थांब!" एवढंच असतं. त्यात बाप येत नाही. मशीन थांबलं की ओरडणं संपतं. हातात फाइल असलेल्या पोरावर ओरडण्यात सुरक्षेचं काहीही कारण नाही.

जुना_टर्नर

हा फरक पटला सर.

सत्तरीचा_मामा

आझिलोत दाखवलं. पडद्याला लहान भोक आहे, कडेला रक्ताचा डाग आहे असं कागदावर लिहून दिलं. पोराने स्वतः सांगितलं, सरांनी उजव्या हाताने मारलं. श्रवण चाचणीत डाव्या कानाने थोडं कमी येतंय. महिन्याने परत बोलावलंय.

भाओजी आता लेखी द्यायला तयार आहेत. मी असा मजकूर केलाय: "आपल्या संस्थेतील निदेशकांनी माझ्या मुलाचा अमानुष मानसिक व शारीरिक छळ केला असून त्यांच्यावर कठोरात कठोर कारवाई करावी ही नम्र विनंती." बरोबर आहे का?

डिचोलीची_वकीलीण

राग कळतो मामा, पण या वाक्यात घडलेलं काहीच नाही. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला काय झालं ते कळत नाही, आणि समोरच्याला "अतिशयोक्ती" म्हणायची संधी मिळते. असं लिहा, तपशील तुमचे भरून:

"दिनांक अमुक, सकाळी साधारण साडेदहा वाजता, फिटर वर्कशॉपमध्ये माझा मुलगा फाइलिंगचा जॉब करत होता. निदेशकांनी जॉब तपासला, तो बाकावर आपटला, 'तुझ्या बापाने असलंच काम केलं म्हणून तो मजूर राहिला' असे सर्वांसमोर म्हटले व उजव्या हाताने त्याच्या डाव्या कानावर मारले. त्या वेळी शेजारच्या वाइसवर दोन प्रशिक्षणार्थी उभे होते. त्याच रात्री कानात आवाज येऊ लागला. रुग्णालयाच्या नोंदीची प्रत सोबत आहे. आम्ही प्राचार्यांना अमुक दिवशी तोंडी सांगितले होते."

शेवटी तीन मागण्या पुरेत. चौकशी करावी, चौकशीपर्यंत मूल्यमापन दुसऱ्याकडे द्यावं, काय कारवाई झाली ते लेखी कळवावं. अर्ज प्राचार्यांना, प्रत संचालकांना, कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालय, श्रमशक्ती भवन, पाटो, पणजी. दोन्हीकडे आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. टपालात टाकलं तर नोंदणीसह स्पीड पोस्टाने. सोबतच्या पोरांची नावं आत्ताच अर्जात टाकू नका. चौकशी अधिकारी विचारेल तेव्हा सांगा.

सर सरकारी नोकर असल्याने त्यांना सीसीएस, म्हणजे केंद्रीय नागरी सेवांचे, आचरण नियम लागतात, आणि नोकराला न शोभणारं वर्तन त्यात येतं. खात्याच्या चौकशीत फौजदारी कोर्टाइतका कडक पुरावा लागत नाही. म्हणून वर सांगितलेल्या निकालांनंतरही तिथे तुमच्या तक्रारीला वजन आहे. मर्यादा अशी की चौकशीत तुम्ही पक्षकार नाही, साक्षीदार आहात. माहिती अधिकारातही कर्मचाऱ्याच्या शिस्तभंगाची सगळी कागदपत्रं मिळतील असं नाही. तक्रार कोणाकडे गेली, चौकशी झाली की नाही, एवढं मिळवता येतं. खासगी आयटीआय असेल तर हे नियम लागत नाहीत, तिथे व्यवस्थापन आणि संचालनालय.

फोंड्याची_शालन

माझ्या मुलीला वेल्डिंगच्या शॉपमध्ये गरम रॉडचा तुकडा हाताला टेकवला होता, "चटका बसला की लक्षात राहील" म्हणून. आम्ही प्राचार्यांपर्यंतच गेलो आणि माफी मागून विषय संपवला. ती एकोणीसची होती. तिला बाल कायदा लागला नसताच ना?

डिचोलीची_वकीलीण

शालनताई, बाल कायदा लागला नसता, पण तुमच्या मुलीची केस मामांपेक्षा गंभीर होती. हाताने मारलं आणि साधी दुखापत झाली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) लागतं. त्यात पोलीस फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्हा, नोंदवतात आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. तापलेल्या वस्तूने दुखापत केली तर कलम ११८(१), तीन वर्षांपर्यंत कैद, आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. त्यात पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय एफआयआर घेऊन तपास करू शकतात. कशाने मारलं हा तपशील म्हणूनच कधी गाळू नये. जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर जुन्या दंड संहितेची कलमं लागतील. डागाचे फोटो किंवा दवाखान्याचा कागद असेल तर मला निरोप पाठवा.

जुना_टर्नर

मामांनी पोलिसात जावं की नाही, यावर माझं मत अजून तेच आहे. खात्यात तक्रार झाली की धाक बसतो. एफआयआर झाली तर पोरगा तीन वर्षं पणजीच्या फेऱ्या मारणार, आणि निकाल काय लागेल ते वकीलबाईंनीच सांगितलं.

शिल्पनिदेशक

मी उलट म्हणतो. खात्यात प्रकरण कपाटात राहू शकतं. पोलिसांत निदान एनसीची नोंद असली तर फाइल हलते. आमच्याकडे मी असं बघितलंय.

डिचोलीची_वकीलीण

दोघांचंही खोटं नाही. पडदा फाटलाय आणि कागद आहे, त्यामुळे माझ्या मते पोलिसांत माहिती द्यावी आणि ८(२) लावायचं की नाही ते त्यांना ठरवू द्यावं. पण हा निर्णय मुलाला विचारून घ्या. साक्ष त्याला द्यायची आहे, तुम्हाला नाही.

सत्तरीचा_मामा

विचारलं. तो म्हणतो, आधी खातं. महिन्याने कान भरला नाही तर पोलीस. रेकॉर्ड बुकचे फोटो झाले, पण सोमवारचा जॉब सापडत नाहीये. तो ठेवायच्या फडताळात नाही. अर्ज आज दोन्हीकडे दिला, पाटोला आवक क्रमांक मिळाला. प्राचार्यांच्या कार्यालयात क्लार्क म्हणाला, साहेब आल्यावर शिक्का मारून देतो.

शिल्पनिदेशक

शिक्का त्याच दिवशी मिळायला हवा होता. उद्या सकाळी परत जा, नाही दिला तर तोच अर्ज नोंदणीसह स्पीड पोस्टाने संस्थेच्या पत्त्यावर टाका, पोचपावतीसह. आणि जॉब हरवल्याचं वेगळ्या एका ओळीच्या अर्जाने कळवा, तारीख घालून. पुढे त्या जॉबचे गुण कमी आले तर हीच ओळ लागेल.

फोंड्याची_शालन

वकीलताई, फोटो सापडले. निरोप पाठवलाय.